हिपॅटायटिस बीचे तीन डोस: अँटिबॉडी वेगळी, स्मृतिपेशी वेगळी

प्रश्न: मी जीएनएमच्या पहिल्या वर्षाला शिकवते. मुली बहुतेक मराठी माध्यमातून आलेल्या आहेत. लसीमुळे अँटिबॉडी तयार होतात इथपर्यंत त्यांना येतं. पण मेमरी सेल म्हणजे काय, आणि अँटिबॉडी असताना ती वेगळी कशाला लागते, हे समजावताना मी अडकते. तास कसा घ्यावा? मराठी-इंग्रजी शब्दांचा एक तक्ताही द्याल का?

उत्तर: मॅडम, हा विषय मी हिपॅटायटिस बीच्या लसीवरूनच शिकवते आणि तुम्हालाही तेच सुचवेन. ही लस मुलींना स्वतःलाच घ्यायची असते: आज पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर रक्त तपासून रिपोर्ट हातात येतो. अँटिबॉडी आणि स्मृतिपेशी यांतला फरक त्या रिपोर्टवर जितका स्वच्छ दिसतो तितका आकृतीत दिसत नाही.

सैनिक, किल्ला, शत्रू ही भाषा मात्र फळ्यावर आणू नका. त्यामुळे अँटिबॉडी म्हणजे एक जिवंत पेशीच आहे असं मुलींच्या डोक्यात बसतं आणि तिथून पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो. पहिल्याच वाक्यात सांगून टाका: अँटिबॉडी हे प्रथिन आहे, स्मृतिपेशी ही पेशी आहे. प्रथिन झिजतं, संपतं. पेशी जगते आणि वाढते.

आता बाटलीत काय आहे ते बघू. त्यात विषाणू नाही. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावरचं एकच प्रथिन यीस्टच्या पेशींमध्ये तयार करून घेतलेलं असतं आणि ते ॲल्युमिनियमच्या क्षारावर चिकटवलेलं असतं. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या एक मिलिलिटरच्या डोसात हे प्रथिन २० मायक्रोग्रॅम असतं. बाटली न हलवता ठेवली तर तळाशी पांढरा थर बसतो आणि हलवली की सगळं एकसारखं दुधाळ होतं. तो पांढरा थर म्हणजे हाच क्षार. मुलींना बाटली हातात घेऊन बघू द्या, पुढे उपयोग होईल.

सुई दंडाच्या डेल्टॉइड स्नायूत जाते. ॲल्युमिनियममुळे तिथे थोडी जळजळ, सूज येते आणि त्या गडबडीने डेंड्रायटिक पेशी जमतात. त्या लसीचं प्रथिन गिळतात, त्याचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि लसीका वाहिन्यांतून काखेतल्या गाठींपर्यंत पोचतात. तिथे मदतनीस टी पेशी हे तुकडे ओळखतात. काही प्रथिन अखंड स्वरूपातही गाठीत पोचतं आणि ते बी पेशींच्या नजरेस पडतं.

इथे थांबून एक गोष्ट ठासून सांगा. त्या प्रथिनाला चिकटू शकणारी बी पेशी मुलीच्या शरीरात लस घेण्याआधीपासूनच असते. फक्त अशा पेशी अगदी मोजक्या असतात आणि त्यांची पकड सैल असते. लस नवी पेशी घडवत नाही. असलेल्यांतून योग्य ती निवडते, वाढवते आणि सुधारते. "लस प्रतिकारशक्ती देते" असं आपण सहज बोलून जातो, पण प्रत्यक्षात होते ती निवड.

निवडलेल्या बी पेशींच्या दोन वाटा होतात. काही पेशी लगेच प्लाझ्मा पेशी बनून अँटिबॉडी सोडू लागतात. आधी आयजीएम, मग आयजीजी. ही पहिली लाट एक-दोन आठवड्यांत दिसते, पण ती लहान असते आणि या पेशी थोड्याच दिवसांत मरतात. पहिल्या डोसानंतर कुणी रक्त तपासलं तर बहुतेकींत पुरेशी पातळी सापडत नाही, ती याचमुळे.

दुसऱ्या वाटेच्या पेशी गाठीतच राहतात आणि जर्मिनल सेंटर नावाचा पुंजका बनवतात. खरं शिक्षण इथे चालतं. बी पेशी भराभर विभागतात आणि दर वेळी अँटिबॉडीच्या जनुकात बारीक बदल होतात. बदलानंतर जिची पकड घट्ट झाली तिला टी पेशीची मदत मिळते, जिची सैल झाली ती मरते. हे एका फेरीत संपत नाही, आठवडे-महिने चालतं. शेवटी त्यातून दोन तऱ्हेच्या पेशी बाहेर पडतात. एक, दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. या अस्थिमज्जेत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं थोडी थोडी अँटिबॉडी सोडत राहतात. दोन, स्मृती बी पेशी. या रक्तात आणि लसीका गाठींत फिरत असतात आणि अँटिबॉडी अजिबात सोडत नाहीत. "मेमरी सेल अँटिबॉडी सोडते" हे उत्तर मला दर वर्षी काही पेपरांत सापडतं. ते चूक आहे. तोच प्रतिजन पुन्हा आला की स्मृतिपेशी विभागते, तिच्या मुलीपेशी प्लाझ्मा पेशी बनतात आणि मग त्या अँटिबॉडी सोडतात.

तक्ता इथे फळ्यावर लिहा, आधी नको. गोष्ट ऐकल्यावर शब्द लक्षात राहतात. जिथे रूढ मराठी शब्द नाही तिथे मी ओढूनताणून बनवलेला नाही, साधं वर्णन दिलं आहे. दुसऱ्या रकान्यातले शब्द मुलींना वॉर्डात आणि परीक्षेत लागतील, म्हणून तेही पाठ हवेत.

| मराठी | इंग्रजी | मुलींना सांगायचं वाक्य |
|---|---|---|
| प्रतिजन | अँटिजेन | ज्याला शरीर परकं म्हणून ओळखतं ते. इथे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन |
| प्रतिद्रव्य, प्रतिपिंड | अँटिबॉडी, इम्युनोग्लोब्युलिन | प्रतिजनाला चिकटणारं प्रथिन; पेशी नव्हे |
| सुरुवातीचं प्रतिद्रव्य | आयजीएम | आधी येतं, पकड सैल, वार ओलांडत नाही |
| टिकाऊ प्रतिद्रव्य | आयजीजी | नंतर येतं, वारेतून बाळाकडे जातं |
| मदतनीस टी पेशी | हेल्पर टी सेल | बी पेशीला पुढे जाण्याची परवानगी देते |
| प्रतिद्रव्य सोडणारी पेशी | प्लाझ्मा सेल | अँटिबॉडी फक्त हीच सोडते |
| दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी | लाँग-लिव्ह्ड प्लाझ्मा सेल | अस्थिमज्जेत राहते, रक्तातली पातळी टिकवते |
| स्मृती बी पेशी | मेमरी बी सेल | गप्प असते. प्रतिजन पुन्हा आला की विभागते |
| स्मृती टी पेशी | मेमरी टी सेल | दुसऱ्या वेळी मदत लवकर पोचवते |
| गाठीतलं निवडीचं ठिकाण | जर्मिनल सेंटर | घट्ट पकडीच्या बी पेशी इथे निवडल्या जातात |
| पकड घट्ट होणं | ॲफिनिटी मॅच्युरेशन | डोसागणिक अँटिबॉडीचा दर्जा सुधारतो |
| प्रतिद्रव्याची पातळी | टायटर | आज रक्तात किती आहे. स्मृती किती आहे ते नव्हे |
| सहायक द्रव्य | ॲडज्युव्हंट | ॲल्युमिनियमचा क्षार. धोक्याची सूचना देतो |
| स्वतः कमावलेली प्रतिकारशक्ती | ॲक्टिव्ह इम्युनिटी | लसीने किंवा आजाराने; स्मृतिपेशी बनतात |
| बाहेरून मिळालेली प्रतिकारशक्ती | पॅसिव्ह इम्युनिटी | तयार अँटिबॉडी. स्मृतिपेशी बनत नाहीत |

तक्ता झाला की एक हिशेब करायला लावा. आयजीजीचं अर्धायुष्य साधारण २१ दिवस असतं. समजा तिसऱ्या डोसानंतर एका मुलीची पातळी ८०० आली आणि त्या दिवसापासून नवी अँटिबॉडी बनणं पूर्ण थांबलं. तर २१ दिवसांनी ४००, मग २००, १००, ५०, २५, साडेबारा, सव्वासहा. संरक्षणासाठी किमान १० पातळी लागते असं धरतात. म्हणजे पाच महिन्यांच्या आतच ती १० च्या खाली जाईल. प्रत्यक्षात अशा मुलीची पातळी कितीतरी वर्षं १० च्या वर राहते. मग ती येते कुठून, असं वर्गाला विचारा. उत्तर अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचं आहे, आणि ते मुलींनी स्वतः काढलेलं असेल तर विसरत नाहीत.

याच हिशेबातून डोसांमधलं अंतरही कळतं. पहिल्या दोन डोसांनी स्मृतिपेशी तयार होतात, पण जर्मिनल सेंटरमधली निवड पुरी व्हायला काही महिने लागतात. तिसरा डोस त्या तयार झालेल्या स्मृतिपेशींसाठी असतो. त्यानंतर पातळी एकदम उंच जाते, कारण आता घट्ट पकडीच्या पुष्कळ पेशी एकाच वेळी कामाला लागतात. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसात कमीत कमी ८ आठवडे आणि पहिल्या व तिसऱ्यात कमीत कमी १६ आठवडे जावे लागतात. घाईने दिलेला डोस कमी उपयोगाचा ठरतो. उशीर झाला तर तितकं बिघडत नाही. मुलगी गावी गेली आणि सहाऐवजी दहाव्या महिन्यात आली तरी फक्त राहिलेला डोस द्यायचा, मालिका पहिल्यापासून सुरू करायची नाही. स्मृतिपेशी तोवर तशाच असतात.

आता रिपोर्ट. तिसऱ्या डोसानंतर एक ते दोन महिन्यांत अँटी-एचबीएसची पातळी तपासतात. १० एमआययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त आली तर संरक्षण मिळालं असं धरतात आणि ती नोंद जपून ठेवायची असते. तपासणीची वेळ महत्त्वाची आहे. तेव्हा आलेला आकडा लसीला प्रतिसाद मिळाला की नाही हे सांगतो. पाच वर्षांनी आलेला आकडा ते सांगू शकत नाही.

एक उदाहरण वर्गात सोडवून घ्या. एका विद्यार्थिनीने पाच वर्षांपूर्वी तिन्ही डोस घेतले, कार्डावर तारखा आहेत, पण तेव्हा रक्त तपासलं नव्हतं. आज पातळी ४ आली. वर्ग म्हणेल, लस फुकट गेली. पण चारचे दोन अर्थ निघतात. एक तर तिला प्रतिसाद मिळालाच नव्हता. किंवा मिळाला होता, पातळी उतरली आणि स्मृतिपेशी शाबूत आहेत. रक्तातल्या अँटिबॉडीवरून हे वेगळं करता येत नाही, म्हणून स्मृतीलाच विचारायचं. एक डोस द्यायचा आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. समजा आता २४० आले. ज्या शरीराने हे प्रथिन कधी शिकलंच नाही ते सहसा एका डोसात इथवर पोचत नाही, म्हणजे स्मृती होती. पुन्हा १० च्या खालीच आली तर आणखी दोन डोस देऊन दुसरी मालिका पुरी करायची आणि परत तपासायचं. तरीही नाही आली तर ती प्रतिसाद न देणाऱ्यांपैकी आहे. निरोगी तरुण माणसांतही असे थोडे लोक असतातच. वय, लठ्ठपणा आणि धूम्रपान यांनी त्यांची संख्या वाढते. अशा मुलीला आधीच संसर्ग नाही ना, हेही तपासायला हवं.

इथेच तीन चाचण्या वेगळ्या करून द्या, कारण रिपोर्टवर त्या सारख्याच दिसतात. एचबीएसएजी म्हणजे विषाणूचं आवरणाचं प्रथिन. ते सापडलं तर संसर्ग आहे. अँटी-एचबीएस म्हणजे त्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी. अँटी-एचबीसी म्हणजे विषाणूच्या आतल्या गाभ्याविरुद्धची अँटिबॉडी. लसीत गाभा नसतोच, म्हणून नुसती लस घेतलेल्या मुलीत अँटी-एचबीसी येत नाही. ती आली तर विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला आहे किंवा अजून आहे. लसीने शरीराला नेमकं एकच प्रथिन शिकवलं, याचा याहून चांगला पुरावा नाही. आणि लस दिल्यावर लगेच एचबीएसएजी तपासू नका. लसीतलंच प्रथिन काही दिवस रक्तात सापडू शकतं आणि मुलगी विनाकारण घाबरते.

मग हुशार मुलगी विचारतेच: पातळी १० च्या खाली गेली तरी चालते, तर धनुर्वाताला बूस्टर कशाला? हा प्रश्न कुणी विचारला नाही तर तुम्ही विचारा, कारण स्मृतिपेशीचं बळ आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत सहसा दोन-तीन महिने जातात. स्मृतिपेशींना जागं होऊन भरपूर अँटिबॉडी बनवायला काही दिवस पुरतात. म्हणजे शर्यत स्मृतिपेशी जिंकते. म्हणूनच एकदा नीट प्रतिसाद मिळालेल्या निरोगी माणसाला नियमित बूस्टर लागत नाही.

धनुर्वातात आजार होतो तो जंतूच्या विषामुळे. जखम झाल्यापासून लक्षणं यायला ३ ते २१ दिवस लागतात. शिवाय विष एकदा मज्जातंतूत शिरलं की अँटिबॉडीला तिथे पोचता येत नाही. स्मृतिपेशी जागी होईपर्यंत उशीर झालेला असू शकतो, म्हणून अँटिबॉडी आधीपासूनच रक्तात तयार हवी. विषाची मारक मात्रा इतकी सूक्ष्म असते की धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णाच्या शरीरालाही ते शिकायला पुरत नाही. म्हणून त्यालाही लस द्यावीच लागते. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात पेंटाव्हॅलंटनंतर डीपीटीचे बूस्टर आणि मग १० व १६ व्या वर्षी टीडी येते ती याचसाठी. गरोदरपणात टीडी देतो तेव्हा आईच्या आयजीजी वारेतून बाळाकडे जातात. पण बाळाला मिळते ती अँटिबॉडी, स्मृतिपेशी नाही. ती काही महिन्यांत संपते. म्हणून सहा आठवड्यांपासून बाळाची स्वतःची मालिका सुरू करावी लागते.

आता हे शिक्षण कुठे बिघडतं ते. पहिली जागा फ्रिज. ही लस २ ते ८ अंशात ठेवायची, गोठवायची नाही. गोठली की ॲल्युमिनियमच्या क्षाराचे गठ्ठे होतात आणि लसीची ताकद जाते. बाटलीवरचा व्हीव्हीएम उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही, हे मुलींना स्पष्ट सांगा. शंका असेल तर शेक टेस्ट करतात. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम गोठवायची, वितळू द्यायची, मग ती आणि संशयित बाटली एकत्र हलवून शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठलेल्या बाटलीत कणांचे फुलोरे दिसतात आणि थोड्याच वेळात साका खाली बसून वर स्वच्छ पाणी राहतं. संशयित बाटली तितक्याच वेगाने बसू लागली तर ती टाकून द्यायची. चांगली लस बराच वेळ दुधाळ राहते. शक्य झालं तर मुदत संपलेल्या बाटल्यांवर हे वर्गात करून दाखवा.

दुसरी जागा कंबर. कमरेखाली दिलेली सुई अनेकदा चरबीतच राहते. तिथे प्रतिजन उचलून नेणाऱ्या पेशी कमी आणि रक्तपुरवठाही कमी, म्हणून लसीका गाठीपर्यंत पुरेसं काही पोचत नाही. मोठ्यांत डेल्टॉइड आणि बाळांत मांडीची पुढची-बाहेरची बाजू हा नियम त्यासाठी आहे. ताप आला किंवा नाही आला, यावरून मात्र शिक्षण झालं की नाही ते ठरवता येत नाही. काहीही त्रास न झालेल्या मुलीची पातळीही उत्तम येते.

या सगळ्याचा वॉर्डातला उपयोग सुई टोचल्यावर होतो. रुग्ण एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे आणि विद्यार्थिनीची १० किंवा जास्त पातळीची जुनी नोंद आहे, तर हिपॅटायटिस बीसाठी तिला काही द्यावं लागत नाही, आजची पातळी कितीही असो. ज्या मुलीने लस घेतलीच नाही तिला तयार अँटिबॉडी, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, शक्य तितक्या लवकर, चोवीस तासांच्या आत द्यायची आणि लसही त्याच दिवशी सुरू करायची. दोन मालिकांनंतरही प्रतिसाद न दिलेल्या मुलीला इम्युनोग्लोब्युलिनचे दोन डोस एका महिन्याच्या अंतराने देतात, कारण तिच्याकडे जागं करायला स्मृती नाही. प्रत्येकीने जखम साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचंच, कारण एचआयव्हीचा निर्णय वेगळा आणि तातडीचा असतो, आणि हिपॅटायटिस सीला लसच नाही.

मुलींना समजलं का हे बघायला मी एकच प्रश्न देते. आई एचबीएसएजी पॉझिटिव्ह आहे. बाळाला जन्मल्याबरोबर एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन दिलं. दोन्ही कशाला, आणि एकाच मांडीत का नाही? जिला कळलं आहे ती लिहिते की इम्युनोग्लोब्युलिन आजपासूनच काम करतं पण काही महिन्यांत झिजतं. लसीला आठवडे लागतात पण ती प्लाझ्मा पेशी आणि स्मृतिपेशी मागे ठेवते. एकाच जागी दिलं तर तयार अँटिबॉडी लसीच्या प्रथिनाला तिथेच चिकटून बसेल. यापुढे एखादी मुलगी स्वतःहून विचारते की मग गोवराची लस नऊ महिन्यांपर्यंत का थांबवतो. तिला सांगा, ती लस जिवंत विषाणूची आहे, शरीरात वाढली तरच शिकवते, आणि आईकडून आलेली अँटिबॉडी तिला वाढू देत नाही. ती अँटिबॉडी बऱ्याच अंशी झिजेपर्यंत थांबावं लागतं.